तीन एक्के, पण कुणाच्या नावाचे?

टॅरोच्या टेबलावर प्रेमाचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसासमोर सात पत्ते मांडले जातात आणि त्यात तीन एक्के निघतात. रीडर म्हणतो, ‘नवी सुरुवात आहे, तीही तिपटीनं.’ समोरच्याचा चेहरा खुलतो, कारण त्याच्या डोक्यात एक नाव आधीपासून असतंच. तिन्ही एक्के क्षणात त्या नावावर जमा होतात. टॅरोच्या वाचनात सगळ्यात जास्त घोटाळे होतात ते नेमके या ठिकाणी. सुरुवात आहे हे एक्के सांगतात. कुणाबरोबर, हे ते सांगत नाहीत, आणि ते तसं का हे पत्त्यांकडे नीट पाहिलं की कळतं.

टॅरोच्या जोडात ७८ पत्ते असतात. त्यातले २२ मोठे, म्हणजे ‘लव्हर्स’, ‘डेथ’, ‘सन’ अशा नावांचे. उरलेले ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांचे चुलतभाऊ: चार रंग, प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते आणि वर पेज, नाइट, क्वीन, किंग असे चार दरबारी पत्ते. रंगांची नावं वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स आणि पेंटॅकल्स. ज्यांना रमी, बदामसात खेळायची सवय आहे त्यांनी सर्वसाधारणपणे कप्स म्हणजे बदाम, स्वोर्ड्स म्हणजे इस्पिक, वाँड्स म्हणजे किलवर आणि पेंटॅकल्स म्हणजे चौकट असं धरलं तरी चालतं. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठीच तयार झाले. त्यांच्यावरून भविष्य सांगण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये रुजली.

आज पुण्या-मुंबईतल्या बहुतेक रीडरांच्या हातात दिसतो तो जोड १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीनं काढला. त्यामागची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. दोघंही ‘हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाचे सदस्य होते. या जोडातले चारही एक्के एकाच साच्यात काढलेले आहेत. एका बाजूनं ढग येतो, ढगातून एक हात बाहेर आलेला असतो आणि त्या हातात त्या त्या रंगाची एकच वस्तू असते.

कप्सच्या एक्क्यात तळहातावर एक मोठा प्याला तोललेला आहे. वरून एक पांढरं कबूतर चोचीत क्रूसाची खूण असलेली चकती घेऊन उतरतंय आणि प्याल्यातून पाणी ओसंडून खाली कमळांच्या तळ्यात पडतंय. वेट यांनी आपल्या पुस्तकात पाण्याच्या चार धारा लिहिल्या, स्मिथ यांनी काढल्या पाच. वाँड्सच्या एक्क्यात हातात एक जाडसर दांडकं आहे, पण ते वाळलेलं नाही. त्याला कोवळी पानं फुटली आहेत आणि काही पानं हवेत गळतायत. दूर टेकडीवर एक किल्ला दिसतो. स्वोर्ड्सच्या एक्क्यात उभी धरलेली तलवार आहे. तिच्या टोकावर मुकुट, मुकुटातून एका बाजूला ऑलिव्हची आणि दुसऱ्या बाजूला ताडाची फांदी लोंबतेय. खाली मात्र उघडेबोडके डोंगर आहेत, गवताचं पातंसुद्धा नाही. पेंटॅकल्सच्या एक्क्यात हातात मोठं नाणं आहे, आणि खाली फुललेली बाग. बागेच्या कुंपणात वेलींची कमान आहे, कमानीतून बाहेर पाहिलं की लांबवर डोंगर दिसतात.

या चारही चित्रांत माणूस नाही. देणारा हात आहे, घेणारा कुणीच नाही. दुर्रीपासून पुढच्या पत्त्यांत माणसं येतात: दोघं एकमेकांकडे प्याले धरून उभे असतात, कुणी डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेली असते, कुणी बागेत एकटी असते. एक्क्यात फक्त देणं आहे. म्हणून ‘ही सुरुवात कुणाबरोबर?’ या प्रश्नाचं उत्तर एक्क्यात शोधणं हेच मुळात चुकीच्या जागी शोधणं आहे. ते उत्तर एक्क्याच्या बाहेर शोधावं लागतं: प्रश्नात, मांडणीतल्या जागेत आणि शेजारच्या पत्त्यांत.

एक्का म्हणजे सुरुवात हा अर्थ आला कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. वेट यांच्या पुस्तकात चार एक्क्यांचे अर्थ दिले आहेत, त्यात आरंभ आणि उगम हे शब्द फक्त वाँड्सच्या एक्क्याला आहेत. कप्सच्या एक्क्याला त्यांनी खऱ्या हृदयाचं घर, आनंद, सुफलता म्हटलं. स्वोर्ड्सच्या एक्क्याला विजय आणि प्रत्येक गोष्टीतला अतिरेक. पेंटॅकल्सच्या एक्क्याला पूर्ण समाधान आणि सोनं. चारही एक्क्यांना एका धाग्यात बांधणारी कल्पना गोल्डन डॉनची. त्यांनी प्रत्येक एक्क्याला त्याच्या तत्त्वाचं मूळ मानलं: वाँड्स अग्नीचं, कप्स पाण्याचं, स्वोर्ड्स वाऱ्याचं, पेंटॅकल्स मातीचं. मूळ म्हटलं की अंकुर आला, आणि पुढच्या काळातल्या रीडरांनी त्याचं ‘नवी सुरुवात’ करून टाकलं.

एकापेक्षा जास्त एक्के एकत्र आले तर काय, याची जुनी कोष्टकंही आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. वेट यांच्या यादीत सरळ पडलेले चार एक्के म्हणजे अनुकूल संधी, तीन म्हणजे छोटंसं यश आणि दोन म्हणजे चक्क फसवणूक. गोल्डन डॉनच्या कागदांत चार एक्के म्हणजे मोठी शक्ती आणि तीन म्हणजे संपत्ती आणि यश. ‘तीन एक्के म्हणजे लग्न नक्की’ असं कुणी ठणकावून सांगत असेल तर ते या दोन्ही परंपरांत नाही.

आता थोडा हिशेब. पिसलेल्या पत्त्यांतून पुढचं कळतं याला कुठलाही प्रयोगसिद्ध आधार नाही. टॅरो वाचन ही चित्रांच्या मदतीनं स्वतःच्या प्रश्नाकडे पाहण्याची एक रीत आहे, आणि ती प्रामाणिकपणे करायची तर कुठली गोष्ट दुर्मिळ आहे आणि कुठली नाही हे माहीत हवं. नीट पिसलेल्या ७८ पत्त्यांतून सात काढले तर निदान एक एक्का येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे, म्हणजे साधारण तीन मांडण्यांत एकदा. दोन किंवा जास्त एक्के सुमारे २६ मांडण्यांत एकदा येतात. तीन किंवा जास्त येण्याची शक्यता ५६६ मांडण्यांत एकदा इतकी कमी आहे. दहा पत्त्यांच्या ‘केल्टिक क्रॉस’ मांडणीत दोन किंवा जास्त एक्के साधारण तेरा वेळांत एकदा दिसतात, आणि चारही एक्के पावणेसात हजारांत एकदा.

हे आकडे पिसणं चोख असेल तरच खरे. टॅरोचे पत्ते आकारानं मोठे, रमीच्या पत्त्यांसारखे दोन गड्ड्या एकमेकींत घुसवून पिसणं पुष्कळांना जमत नाही. मग डाव्या हातात गड्डी धरून उजव्या हातानं थोडे थोडे पत्ते वरून खाली सोडत जायचं, अशी वरखाली पिसण्याची पद्धत वापरली जाते. त्या पद्धतीत शेजारी असलेले पत्ते बराच वेळ शेजारीच राहतात. शिकणारे लोक तर आकड्यांप्रमाणे अभ्यास करतात: आज चारही एक्के, उद्या चारही दुर्र्या. अभ्यास झाला की गड्डी तशीच मिटून ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीसाठी आठ-दहा वेळा हात फिरवला आणि पत्ते मांडले, तर तीन एक्के एकत्र निघण्यात नवल काही नाही. म्हणून अनुभवी रीडर अभ्यासानंतर गड्डी टेबलावर पसरतात, दोन्ही हातांनी गोल गोल फिरवून सगळे पत्ते विस्कटतात आणि मगच गोळा करतात. एक्क्यांचा घोळका आला की पहिला प्रश्न ‘कुणाबरोबर?’ हा नसून ‘गड्डी नीट पिसली होती का?’ हा असायला हवा. पिसण्यात कमी पडलं असेल तर मांडणी उचलून ठेवावी. त्यातून अर्थ काढत बसू नये.

दुसरी खोट जास्त पत्ते काढण्यात आहे. मनासारखं उत्तर मिळालं नाही की खुलाशासाठी एक पत्ता, मग त्याच्या खुलाशासाठी अजून एक, असं चालू राहतं. सात पत्त्यांत दोन एक्के येण्याची शक्यता २६ मध्ये एक होती. खुलाशाचे आठ पत्ते जोडून पंधरा झाले की तीच शक्यता सहात एक होते. म्हणजे एक्के आले नाहीत, ते येईपर्यंत पत्ते काढले गेले. ज्यांनी या रीतीनं वाचन करायचं ठरवलं आहे त्यांनी किती पत्ते काढायचे हे आधी ठरवावं आणि त्या आकड्यावर थांबावं.

गड्डी नीट पिसली आहे, पत्ते ठरवलेले तेवढेच आहेत आणि तरी तीन एक्के आले आहेत, असं धरू. आता नातं कसं ओळखायचं?

पहिलं काम पत्ते मांडण्याआधीचं आहे. ‘माझ्या लव्ह लाइफमध्ये पुढे काय आहे?’ असा मोकळा प्रश्न विचारला की त्यात तीन-चार नाती एकाच वेळी शिरतात: सध्याचं, जुनं, मनात असलेलं आणि अजून भेटलेलंच नाही असं. मग पत्त्यांतलं सगळं काही कुठल्याही नात्याला लागू पडतं. जाणते रीडर म्हणून प्रश्न कागदावर लिहून घेतात. ‘ताई, नाव घेऊन विचारा. कुणाबद्दल विचारताय ते आधी ठरू द्या, मग पत्ते काढू,’ असं ते सांगतात. नाव नको असेल तर ‘ऑफिसातला’, ‘आधीचा’ असं काहीही चालतं, पण ते आधी लिहिलेलं हवं. पत्ते उघडल्यावर ठरवलेलं नाव हे पत्त्यांनी दिलेलं नाव नव्हे, ते मनानं घुसवलेलं नाव असतं.

दुसरं, मांडणीतली जागा. प्रत्येक जागेला आधी नाव दिलेलं असतं: मागचं, आजचं, स्वतःचं, समोरच्याचं, अडथळा, दिशा. समोरच्याच्या जागेत पडलेला एक्का आणि स्वतःच्या जागेत पडलेला एक्का यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिला एक्का समोरून काही येतंय असं सुचवतो. दुसरा ती सुरुवात स्वतःच्या आत आहे असं सुचवतो, आणि तिला अजून जोडीदार नसेलही. मागच्या जागेत पडलेला एक्का तर होऊन गेलेल्या सुरुवातीबद्दल असतो. तो नवा नाहीच.

तिसरं, शेजार. एक्क्याला चेहरा नसतो, पण शेजारच्या पत्त्याला असतो. शेजारी दरबारी पत्ता असेल तर तो बहुतेक वेळा माणूस मानला जातो. कप्सची छक्की असेल तर जुनी ओळख, कारण त्या चित्रात जुन्या वाड्याच्या आवारात एक मुलगा एका लहान मुलीला फुलांनी भरलेला प्याला देतोय. ‘जजमेंट’ असेल तर मिटलेलं प्रकरण पुन्हा उघडणं. कप्सची अठ्ठी असेल तर सोडून जाणं, कारण त्यात एक माणूस रचलेले प्याले मागे टाकून डोंगराकडे निघालाय. पेंटॅकल्सची नव्वी असेल तर एकटेपणातलं समाधान.

दोन एक्के एकमेकांशेजारी आले तर गोल्डन डॉनची तत्त्वांची रीत उपयोगी पडते. अग्नी आणि पाणी एकमेकांना विझवतात, वारा आणि माती एकमेकांना अडवतात, बाकीच्या जोड्या एकमेकांना बळ देतात. म्हणून वाँड्स आणि कप्सचे एक्के शेजारी आले तर शरीराची ओढ आणि मनाची माया एकमेकांचा जोर कमी करतात, दोन्ही खऱ्या असल्या तरी. दोन एक्के म्हणजे दुप्पट सुरुवात, हे गणित तिथे चालत नाही.

हे सगळं एका मांडणीत उलगडून पाहू. समजा, पुण्यात नोकरी करणारी एक चौतिशीची बाई आहे. तिचं एक नातं दोन वर्षांपूर्वी तुटलं, आणि त्या माणसाचा परवा अचानक मेसेज आला. दुसरीकडे ऑफिसात नव्यानं आलेल्या एका सहकाऱ्याबरोबर गप्पा रंगतायत. तिनं प्रश्न लिहिला: ‘या दोघांपैकी कुणाबरोबर काही सुरू होतंय का?’ पत्ते सात, एका रांगेत. जागा आधी ठरलेल्या: मागचं, आज, दडलेलं, ती स्वतः, ऑफिसातला, अडथळा, दिशा. उघडल्यावर क्रमानं असे आले: कप्सची छक्की, स्वोर्ड्सचा एक्का, कप्सचा एक्का, पेंटॅकल्सची नव्वी, वाँड्सचा नाइट, स्वोर्ड्सची अठ्ठी, पेंटॅकल्सचा एक्का. सगळे सरळ.

घाईचं वाचन असं होईल: मध्यात घोड्यावरचा तरुण आहे, तीन एक्के आहेत, शेवटी पेंटॅकल्सचा एक्का म्हणजे घरदार. ऑफिसातल्याबरोबर लग्नापर्यंत जाणार. ऐकायला छान आहे. पण पत्ते एकेक करून पाहिले की ही गोष्ट उभीच राहत नाही.

वाँड्सचा नाइट ऑफिसातल्याच्या जागेत आहे. चित्रात लाल घोडा पुढचे पाय उचलून उधळतोय, नाइटच्या अंगरख्यावर आगीत राहणाऱ्या सरड्यासारख्या प्राण्याची चित्रं आहेत, मागे वाळवंटात पिरॅमिड. वेट यांनी या पत्त्याला निघून जाणं, गैरहजेरी, मुक्काम बदलणं असे अर्थ दिले. म्हणजे माणूस उत्साही आहे, जवळ येतोय, पण थांबणारा आहे असं पत्ता म्हणत नाही. त्याहून महत्त्वाचं, त्याच्या दोन्ही बाजूंना एक्का नाही. डावीकडे ती स्वतः आहे, उजवीकडे अडथळा. तीन एक्क्यांपैकी एकही त्याला टेकलेला नाही.

मग एक्के कुणाला टेकलेत? स्वोर्ड्सचा एक्का आजच्या जागेत आहे आणि त्याच्या डावीकडे कप्सची छक्की, म्हणजे जुनी ओळख. परवाचा मेसेज आणि हा शेजार यांची सांगड सहज बसते. पण स्वोर्ड्सचा एक्का जुनं प्रेम परत आल्याचं सांगत नाही. तलवार कापते. मुकुट आणि फांद्या वर असल्या तरी खालचे डोंगर ओसाड आहेत. प्रेमाच्या वाचनात हा एक्का स्पष्ट बोलण्याचा आहे. जुन्या नात्यात आज सुरू होऊ शकतं ते हे: जे दोन वर्षं बोललं गेलं नाही ते सांगणं. त्या बोलण्यानंतर नातं पुन्हा जुळेल किंवा नीट मिटेल. पत्ता दोन्हींपैकी एक निवडत नाही, आणि रीडरनंही निवडू नये.

कप्सचा एक्का दडलेल्याच्या जागेत आहे. एका बाजूला स्वोर्ड्सचा एक्का, दुसऱ्या बाजूला पेंटॅकल्सची नव्वी. वारा आणि पाणी एकमेकांना बळ देतात, म्हणून मनात साठलेलं बोलून टाकलं तर मन मोकळं होईल असं इथे वाचता येतं. पण दुसरा शेजार जास्त सांगतो. पेंटॅकल्सच्या नव्वीत द्राक्षांच्या मळ्यात एक बाई उंची झगा घालून उभी आहे, हातमोजा घातलेल्या हातावर टोपी चढवलेला ससाणा आहे, पायाशी एक गोगलगाय सावकाश चाललीय. मळा तिचा आहे आणि ती त्यात एकटी आहे. हा पत्ता ‘ती स्वतः’च्या जागेत आला आहे. म्हणजे ओसंडणारा प्याला तिच्याच शेजारी आहे आणि तो अजून कुणाच्या हातात गेलेला नाही. भावना जागी झाली आहे, इतकंच. जुन्याच्या मेसेजनं आणि नव्याच्या गप्पांनी ती जागी झाली असेल, पण म्हणून ती त्या दोघांपैकी एकाची ठरत नाही.

शेवटचा पेंटॅकल्सचा एक्का दिशेच्या जागेत आहे. त्याच्या आधी स्वोर्ड्सची अठ्ठी: डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती बंध, भोवती रोवलेल्या तलवारी. पण त्या बाईचे पाय मोकळे आहेत आणि समोर वाट अडलेली नाही. अडथळ्याच्या जागेत हा पत्ता आला की तिला वाटतंय तितकी ती अडकलेली नाही असं वाचलं जातं. पट्टी निघाल्याशिवाय पुढच्या बागेची कमान दिसणार नाही. आणि ही बाग कुणाची? मांडणीत पेंटॅकल्सचे दोनच पत्ते आहेत, नव्वी आणि एक्का. नव्वी तिची स्वतःची. दोन्ही चित्रांत बाग आहे. म्हणून रंगाच्या नात्यानं हा एक्का आधी तिच्याच संसाराशी जोडला जातो: स्वतंत्र घर, पैशाची घडी, जगण्याची नवी बैठक. त्यात नंतर कुणी येईल किंवा नाही, पण त्याचं नाव या सात पत्त्यांत नाही.

म्हणजे तीन एक्के तीन ठिकाणी गेले. एक जुन्या नात्यातल्या बोलण्याकडे, एक तिच्या मनाकडे, एक तिच्या घरादाराकडे. ऑफिसातल्याकडे एकही नाही. एका माणसावर तिन्ही लादले असते तर तिला जे हवं होतं ते ऐकायला मिळालं असतं, पण मांडणीत ते नव्हतं.

कुणी म्हणेल, हे वाचनही मनाचंच झालं. आक्षेप रास्त आहे. दुसरा जाणता रीडर कप्सचा एक्का छक्कीच्या जवळ आहे, शिवाय दोन्ही एकाच रंगाचे आहेत म्हणून जुन्या प्रेमाच्या पदरात टाकेल, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. अशा वेळी दोन नाती सोडवून पाहण्याची एक रीत वापरली जाते. एकाच पिसलेल्या गड्डीतून दोन रांगा मांडायच्या, वरची जुन्या नात्याची, खालची नव्याची, प्रत्येकी तीन पत्ते. कुठली रांग कुणाची हे पत्ते काढण्याआधी लिहून ठेवायचं. एकाच गड्डीतून काढल्यामुळे एक्का एका रांगेत गेला की दुसरीत जाऊ शकत नाही, त्यामुळे तो कुणाचा हे वाद न घालता ठरतं. पण सहा पत्त्यांत एकही एक्का न येण्याची शक्यता जवळजवळ ७२ टक्के आहे. एकही आला नाही तर ‘आत्ता कुठेच सुरुवात दिसत नाही’ हे उत्तर स्वीकारायचं आणि पत्ते उचलून ठेवायचे. एक्का येईपर्यंत रांगा मांडत राहिलं तर आधी सांगितलेली खोट इथेही शिरते.

वाचन कसं चुकू शकतं हे आधी लिहून ठेवणं हा यातला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा नियम आहे. या बाईच्या वहीत मांडणीची तारीख, सातही पत्ते, जागा आणि तीन वाक्यं असायला हवीत. पहिलं: तीन महिन्यांत जुन्या माणसाशी एकदाही स्पष्ट बोलणं झालं नाही, तर स्वोर्ड्सच्या एक्क्याचं वाचन चुकलं. दुसरं: ऑफिसातल्याशी नातं पक्कं झालं, तर नाइटचं वाचन चुकलं. तिसरं: घर, नोकरी किंवा पैशाच्या बाबतीत काहीच हललं नाही, तर शेवटच्या एक्क्याचं वाचन चुकलं. तीन महिन्यांनी वही उघडून प्रत्येक वाक्यापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहायचं, आणि चूक निघालेलं वाचन नव्या अर्थानं सावरून घ्यायचं नाही. अशा दहा-बारा मांडण्या वहीत जमल्या की आपण एक्के वाचतोय की मनातलं नाव, हे त्या ‘बरोबर’ आणि ‘चूक’च्या रकान्यांवरून तिला स्वतःलाच तपासता येईल.